शीर्षबिंदूलोप : कॉम्प्रेस केलेल्या प्रतिमांमधील

देवनागरी मजकुराची प्रतिमा लहान करून किंवा तिचा दर्जा उतरवून साठवली असता शिरोरेषेच्या वरची चिन्हे, विशेषतः अनुस्वाराचा बिंदू, फिकी होतात, शेजारच्या रेषेत मिसळतात किंवा पूर्णपणे नाहीशी होतात. या प्रकारास येथे शीर्षबिंदूलोप म्हटले आहे. रफार, चंद्रबिंदू आणि मात्रा यांनाही ही बाधा होते, परंतु मात्रा व रफार या लांबीच्या रेषा असल्याने त्यांचा काही भाग बहुधा उरतो. बिंदूला लांबी नाही, म्हणून तो आधी जातो. ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील स्थलनामांवर हा परिणाम सहज पाहता येतो : मुंब्रा हे ‘मुब्रा’ होते, घोडबंदर ‘घोडबदर’, तुर्भे ‘तुभे’, नौपाडा ‘नोपाडा’, तर कोपरखैरणे ‘कोपरखेरणे’. ही नावे परिचयाची असल्याने वाचक ती मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. खरी अडचण अशा शब्दांत येते, जे बिंदू गेल्यावरही शुद्धच दिसतात, आणि या नोंदीत मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

बिंदूचे स्थान व मराठीतील त्याचे काम. अनुस्वाराचा बिंदू प्रारंभापासून अक्षराच्या डोक्यावर नव्हता. इ. स. पू. तिसऱ्या शतकातील अशोककालीन ब्राह्मी लेखांत तो सामान्यतः अक्षराच्या उजव्या बाजूस आढळतो. डोक्यावरची जागा त्याला पुढील काळात मिळाली. अक्षरांच्या माथ्यावरील लहान आडव्या खुणा लांबत जाऊन शिरोरेषा अखंड होण्याची प्रक्रियाही शतकानुशतके चालली, आणि तिला एकच निश्चित काळ देणे धाडसाचे ठरेल. प्रस्तुत विषयापुरते महत्त्वाचे इतकेच, की शिरोरेषा अखंड झाल्यावर बिंदू मजकुराच्या मुख्य पट्ट्याबाहेर, इतर कोणत्याही रेषेला न चिकटलेला असा सुटा घटक उरला. अनुस्वाराचे ध्वनिस्वरूपही प्राचीन काळापासून वादाचे आहे. ऋग्वेदाच्या उच्चारणाविषयीच्या ऋक्प्रातिशाख्य या प्राचीन ग्रंथात तो व्यंजन किंवा स्वर असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही.

मराठीच्या दृष्टीने निर्णायक घटना १९६२ सालची आहे. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले १४ लेखननियम महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी स्वीकारले; १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडून एकूण संख्या १८ झाली. या नियमांनी ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘त्यानें’ यांसारख्या शब्दांवरचे उच्चार नसलेले, व्युत्पत्तीने आलेले अनुस्वार काढून टाकले. स्पष्ट उच्चारल्या जाणाऱ्या अनुनासिकाबद्दल शीर्षबिंदू कायम राहिला, आणि विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावताना अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा, असा नियम झाला. आदरार्थी बहुवचनालाही तो लागू आहे. जुन्या लेखनात एखादा बिंदू पुसट छापला गेला तरी अर्थाला बहुधा धक्का लागत नसे, कारण पुष्कळसे बिंदू अर्थभेद करीत नव्हते. नव्या लेखनात उरलेला जवळजवळ प्रत्येक बिंदू उच्चार किंवा वचन दाखवतो. लेखन सुटसुटीत झाले हे निर्विवाद आहे. मात्र चुकून गळालेल्या बिंदूची किंमत त्यामुळे वाढली, हे नियमांच्या चर्चेत फारसे लक्षात घेतले जात नाही.

लोपाची यंत्रणा. बिंदू नेमका कोठे नष्ट होतो याविषयी दोन मते मांडता येतात. जेपीईजी कॉम्प्रेशनच त्याला कारणीभूत आहे, हे अधिक प्रचलित मत. दुसऱ्या मतानुसार प्रतिमेचे आकारमान घटवले जाते तेथेच बिंदू दुबळा होतो आणि कॉम्प्रेशन केवळ शेवटचा घाव घालते. पुढील आकडेमोड दुसऱ्या मताला अधिक पोषक आहे.

घोडबंदर रस्त्यावरील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर ए-४ कागदावर, १० पॉइंटच्या बारीक वळणाच्या अक्षरात छापलेली सूचना लावली आहे आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तिचा फोटो काढला आहे, असे समजू. कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. तो फोटोत ३००० पिक्सेल व्यापत असेल, तर एका मिलिमीटरला सुमारे १४ पिक्सेल मिळतात आणि पाव मिलिमीटरहून किंचित मोठा बिंदू ४ पिक्सेल व्यासाचा दिसतो. हाच फोटो पाठवता-पाठवता ६०० पिक्सेल रुंद झाला, तर अक्षराची उंची सुमारे १० पिक्सेल उरते, म्हणजे मजकूर कष्टाने का होईना वाचता येतो. पण बिंदूचा व्यास ०.८ पिक्सेल होतो. तो एका पिक्सेलच्या जेमतेम निम्म्या भागावर पसरतो. काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी २५५ अशा मापात कागदाची छटा १८० आणि शाईची ८० असेल, तर त्या पिक्सेलची छटा १३० येते. थोडक्यात, १०० छटांचा फरक ५० वर आला आहे, आणि अद्याप कॉम्प्रेशनला सुरुवातही झालेली नाही.

१९९२ सालच्या जेपीईजी मानकानुसार प्रतिमेचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील छटा कोसाइन रूपांतराने ६४ घटकांत मांडल्या जातात. हे रूपांतर नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर प्रत्येक घटक ठरावीक पायरीने भागून जवळच्या पूर्णांकात बसवला जातो, आणि पायरीच्या निम्म्याहून लहान घटक शून्य होतो. आपला ५० छटांचा एकाकी पिक्सेल मोकळ्या चौकोनात असेल, तर सरासरी छटा दाखवणाऱ्या घटकात त्याचा वाटा सुमारे ६ इतका असतो आणि इतर कोणताही घटक साधारण १२ च्या वर जात नाही. मानकात नमुन्यादाखल दिलेली पायऱ्यांची सारणी वापरून १ ते १०० या मापात दर्जा २० ठेवला, तर सरासरीची पायरी ४० आणि इतरांतील सर्वांत लहान पायरी २५ असते. या पायरीचा निम्मा भाग १२.५ होतो, त्यामुळे बिंदूचे सर्व घटक शून्यात जातात. सरासरीतील ६ चा फरकही ४० च्या पायरीत विरून जातो, आणि चौकोन कोऱ्या कागदाचा होऊन बाहेर येतो. तोच बिंदू दर्जा ७५ ला, फिका का होईना, टिकतो. दुसरीकडे, मूळ ३००० पिक्सेलच्या फोटोतील ४ पिक्सेल व्यासाचा बिंदू दर्जा २० लाही सहसा पुसला जात नाही. म्हणून आकार घटवणे आणि दर्जा उतरवणे या दोहोंच्या संयोगालाच लोपाचे कारण मानणे योग्य होय.

प्रत्यक्षात बिंदूचा चौकोन नेहमीच मोकळा नसतो. शिरोरेषा त्याच चौकोनात आली, तर बिंदूचे घटक तिच्या मोठ्या घटकांत मिसळतात आणि तो शिरोरेषेवरील गाठीसारखा उरू शकतो. फोटो किंचित तिरका असला, तर चौकोनांची सीमा ओळीला छेदत जाते. परिणामी एकाच ओळीत डावीकडचे अनुस्वार गेलेले आणि उजवीकडचे शाबूत असे चित्र दिसते. ‘सर्वांना’ या शब्दात बिंदू रफाराच्या कुशीत बसतो, तेथे मधली फट बुजते आणि रफार तेवढा जाड दिसतो. ‘बँक’ मधील चंद्रकोरीतला बिंदूही असाच भरून जातो.

रंगीत अक्षरांत आणखी एक कारण संभवते. जेपीईजीत रंगाची माहिती पुष्कळदा आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी निम्म्या तपशिलात साठवली जाते. शुद्ध लाल रंगाची तेजस्विता ७६ आणि मध्यम गडद हिरव्याची ७५ येते. हिरव्या पार्श्वभूमीवरील लाल मजकुराचा जवळजवळ सगळा भेद रंगात असतो, त्यामुळे त्याचे बिंदू अधिक लवकर जातात. स्कॅन केलेल्या कृष्णधवल कागदपत्रांत मात्र ठिपके साफ करणारी सोय अनुस्वाराला धूळ समजून काढून टाकते. तो वेगळा प्रकार आहे.

अर्थावर होणारा परिणाम. वरील सूचनेत ‘घोडबंदर रस्त्याकडील बाजूच्या इमारतींचा पाणीपुरवठा उद्या बंद राहील, रहिवाशांनी नोंद घ्यावी’ असे वाक्य असल्यास बिंदूंशिवाय ते ‘घोडबदर रस्त्याकडील बाजूच्या इमारतीचा पाणीपुरवठा उद्या बद राहील, रहिवाशानी नोद घ्यावी’ असे उरते. ‘घोडबदर’, ‘बद’ आणि ‘नोद’ यांची चूक तत्काळ कळते. ‘रहिवाशानी’ हेही उघड आहे, कारण एकवचनात ‘रहिवाशाने’ हवे. ‘इमारतीचा’ हे मात्र निर्दोष एकवचन आहे. क्रियापद पाणीपुरवठ्याशी जुळते, म्हणून तेही साक्ष देत नाही, आणि अनेक इमारतींची सूचना एकाच इमारतीची होऊन बसते. ज्यांनी पाणी भरून ठेवायला हवे होते, त्या घरांना ती आपल्यासाठी नाही असे वाटते.

यावरून पुनर्स्थापनेची एक व्यावहारिक कसोटी मिळते. ‘-नी’ आणि ‘-ना’ हे प्रत्यय असल्या नामांना अनेकवचनातच लागत असल्याने तेथील बिंदू निःशंकपणे परत देता येतो. ‘शाखांचे’ व ‘नद्यांचे’ यांतही अडचण नाही, कारण एकवचनी रूपे ‘शाखेचे’ व ‘नदीचे’ अशी वेगळी आहेत. ‘घरांचे’, ‘सभासदांचा’, ‘वारसांसाठी’, ‘इमारतींचा’ अशा रूपांत एकवचन व अनेकवचन यांच्यात बिंदूखेरीज भेद नसल्याने व्याकरण मदत करू शकत नाही. ‘त्यांचा’ मधील बिंदू गेला, तर आदरार्थी उल्लेख एकेरी होतो, आणि हा दोष लिहिणाऱ्याच्या माथी मारला जातो.

प्रतिमा मोठी करून पाहिल्यास काही खुणा सापडतात. बिंदूच्या जागी फिकट डाग किंवा ८ पिक्सेलचा सपाट चौकोन दिसला, आणि त्याच प्रतिमेतील इतर अनुस्वारही दुबळे असले, तर लोपाचा संशय बळावतो. इतर सर्व बिंदू ठळक असतील, तर मूळ टंकलेखनातील चूक अधिक संभवते. याउलट, ठळक रेषांभोवती कॉम्प्रेशनमुळे उमटणारे बारीक ठिपके कधी कधी नसलेल्या अनुस्वाराचा भास करतात, म्हणून केवळ डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. एकदा शून्य झालेला घटक प्रतिमा मोठी किंवा स्पष्ट करून परत येत नाही.

प्रतिबंध. मजकूर टंकित स्वरूपातच पाठवल्यास अनुस्वार स्वतंत्र वर्णसंकेत म्हणून प्रवास करतो आणि हा प्रश्न उद्भवत नाही. प्रतिमाच पाठवायची असेल, तर ती फोटो म्हणून न पाठवता फाइल किंवा डॉक्युमेंट म्हणून जोडल्यास मूळ आकार बहुधा टिकतो. संगणकावर तयार केलेल्या सूचनेसाठी पीएनजी हे हानिरहित स्वरूप योग्य आहे, परंतु पुढे कोणी तिचा स्क्रीनशॉट घेऊन तो फोटो म्हणून फिरवला, तर तेही संरक्षण संपते. लांब सूचनेचे दोन भाग करून स्वतंत्र फोटो काढल्यास बिंदूला दुप्पटीच्या आसपास पिक्सेल मिळू शकतात. सूचना लिहितानाच ‘बाजूच्या इमारतींचा’ ऐवजी ‘बाजूच्या तिन्ही इमारतींचा’ असे लिहिले, तर बिंदू गेला तरी वचन शब्दांतून कळते. तत्सम शब्दांत विकल्पाने परसवर्ण, म्हणजे बिंदूऐवजी पुढील अक्षराच्या वर्गातील अनुनासिक, लिहिण्याची मुभा नियमांत आहे, पण ती ‘इमारतींचा’ सारख्या रूपांना उपयोगी नाही, कारण तेथे बिंदूला पर्यायी अक्षरच नाही.