हातोड्यांची नावे व प्रकार

हातोड्याचे नाव बहुधा त्याच्या मागच्या टोकावरून पडते. घाव घालायचे सपाट तोंड बहुतेक हातोड्यांना सारखेच असते. फरक असतो तो त्याच्या विरुद्ध टोकाला. या टोकाला कारागीर ‘पेन’ म्हणतात.

बॉल पेन हातोडीचे मागचे टोक अर्धगोल असते. ही फिटरची हातोडी, आणि तो गोळा कशासाठी आहे हे रिव्हेट ठोकताना नीट कळते. ६ मिमी जाडीच्या रिव्हेटला गोल माथा काढायचा असेल, तर दांडी पत्र्याबाहेर साधारण दीडपट, म्हणजे ९ मिमी, ठेवतात. रिव्हेटच्या तयार माथ्याखाली भक्कम आधार देऊन आधी सपाट तोंडाने सरळ घाव घालतात. त्याने दांडी फुगून भोक भरते. मग हातोडी उलटी करून गोळ्याने कडेकडेने, गोल फिरत हलके ठोकतात. गोळा एका लहान जागीच टेकतो, त्यामुळे धातू तिथून चहूकडे पसरतो आणि माथा घुमटासारखा बसतो. दांडी जास्त लांब राहिली तर ती आडवी वाकते. आखूड राहिली तर माथा अपुरा भरतो. भोक भरण्याआधीच गोळा वापरला, तर माथा वरून चांगला दिसतो, पण सांधा हलता राहतो.

गोळ्याऐवजी बोथट धार असेल, तर तिची दिशा पाहायची. धार दांड्याला आडवी असली तर क्रॉस पेन, दांड्याच्या रेषेत असली तर स्ट्रेट पेन. धातू नेहमी धारेच्या काटकोनात पसरतो, म्हणून पट्टी लांबवायची की रुंदवायची यावर हातोडी निवडावी.

क्लॉ हातोडीच्या मागे दोन वाकडी नखे असतात आणि त्यांच्यामधल्या खाचेत खिळ्याचे डोके अडकते. खिळा थोडा वर आला की हातोडीखाली लाकडाचा ठोकळा सरकवावा. तसे न करता दांडा ओढत राहिले, तर खिळा वाकतो, लाकडावर खळगा पडतो आणि दांडा मानेपाशी तडकू शकतो. सुताराची ही हातोडी लोखंडी छिन्नीवर चालवू नये. तिच्या तोंडाचा कपचा उडून डोळ्यात जाण्याचा धोका असतो.

घण आणि मोगरी यांना मात्र हा नियम लागत नाही, कारण दोघांची दोन्ही टोके सहसा सारखीच असतात. घण वजनावरून ओळखावा: डोके साधारण ३ ते ९ किलोचे, दांडा दोन्ही हातांनी धरण्याइतका लांब. मोगरी ओळखायची ती डोक्याच्या मऊपणावरून. ते लाकडाचे, रबराचे किंवा कच्च्या चामड्याचे असते. लाकडी मुठीच्या पटाशीवर लोखंडी हातोडी मारली की मुठीचा माथा चेचून तंतू फाटतात, मोगरीने ती टिकते. सुताराच्या लाकडी मोगरीची तोंडे दांड्याकडे किंचित निमुळती असतात, कारण हात कोपरातून वळतो आणि त्या उतारामुळेच तोंड मुठीवर सपाट पडते.