दिवाळीत खप वाढला, तो कुणामुळे?

समजा, महाराष्ट्रात विकला जाणारा मसाल्यांचा एक ब्रँड आहे. एरवी आठवड्याला त्याच्या १०,००० पेट्या खपतात. दिवाळीच्या आठवड्यात १६,००० खपल्या. त्या महिन्यात मराठी वाहिन्यांवर त्याची जाहिरात चालू होती, वर्तमानपत्रांत पानभर रंगीत जाहिरात येत होती आणि मोबाइलवर व्हिडिओही फिरत होते. मग वरच्या ६,००० पेट्या कुणाच्या खात्यावर मांडायच्या?

क्लिक मोजून हे कळत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ‘कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक त्याआधी काय पाहून आलं, याची नोंद कुठेच होत नाही. मार्केटिंग मिक्स मॉडेलिंग म्हणूनच माणसाचा माग काढायच्या भानगडीत पडत नाही. ते आठवड्याचे एकूण आकडे घेतं आणि जाहिरात कमीजास्त झाली तेव्हा खपही कमीजास्त झाला का, एवढंच तपासतं.

त्यासाठी एक लांबलचक तक्ता लागतो. एका आठवड्याला एक ओळ, म्हणजे तीन वर्षांच्या १५६ ओळी. प्रत्येक ओळीत त्या आठवड्याचा खप, टीव्हीची जाहिरात किती जणांना किती वेळा दिसली ते सांगणारे जीआरपी, वर्तमानपत्रात घेतलेली जागा चौरस सेंटीमीटरमध्ये, डिजिटल जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा, पाकिटाची किंमत, दुकानदारांना दिलेली स्कीम आणि सणवार. इथे पहिली चूक खपाच्या रकान्यातच होते. कंपनीतून वितरकाकडे गेलेला माल म्हणजे प्रायमरी सेल. स्कीम लागली की वितरक गोदाम भरून ठेवतो, आणि मॉडेलला वाटतं की लोकांनी मसाला उचलला. म्हणून निदान वितरकाकडून दुकानात गेलेला माल, म्हणजे सेकंडरी सेल तरी धरावा. प्रायमरीवर बांधलेल्या मॉडेलवर माझा तरी विश्वास बसत नाही.

दुसरी अडचण अशी की जाहिरात आज पाहिली म्हणून मसाला आजच घेतला जात नाही. घरातलं पाकीट संपायला दहा दिवस लागतात, तोवर ती जाहिरात डोक्यात कुठेतरी शिल्लक असते. हे शिल्लक राहणं मोजण्याची साधी रीत ब्रिटनमधल्या सायमन ब्रॉडबेंट यांनी १९७९ मध्ये मांडली. तिला अ‍ॅडस्टॉक म्हणतात.

```
A(t) = x(t) + 0.7 × A(t-1)
```

या आठवड्याचा साठा म्हणजे या आठवड्याची जाहिरात, अधिक मागच्या साठ्याचा ७० टक्के भाग. टीव्हीवर एका आठवड्यात १०० जीआरपी टाकले (म्हणजे, उदाहरणार्थ, निम्म्या प्रेक्षकांना जाहिरात सरासरी दोनदा दिसली) आणि मग थांबलो, तर पुढच्या आठवड्यात ७० उरतात, त्यापुढे ४९, मग ३४. दोन आठवड्यांत साठा जवळपास निम्मा होतो. वर्तमानपत्राच्या जाहिरातीसाठी हाच आकडा ०.३ निघाला, तर १०० चे ३० आणि ३० चे ९. पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, तसंच काहीसं. माध्यमागणिक हा आकडा किती धरायचा, ते वेगवेगळे आकडे लावून पाहून खपाशी कोणता जुळतो त्यावरून ठरवतात. शिवाय जाहिरात दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही. पाचव्यांदा पाहणाऱ्यावर पहिल्यांदा पाहणाऱ्याइतका परिणाम होत नसतो, म्हणून साठा वाढत गेला तरी परिणामाची रेघ हळूहळू आडवी होईल असं वळण सूत्रात घालतात.

आता सण. परदेशी पद्धतीची तयार मॉडेल महिन्यावरून हंगाम ओळखतात. डिसेंबर म्हणजे नाताळ, हे तिथे दरवर्षी चालतं. आपलं लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होतं, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला आलं आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. नोव्हेंबर म्हणजे दिवाळी असं मॉडेलला शिकवलं, तर २०२५ च्या ऑक्टोबरातली वाढ त्याला समजणारच नाही, आणि त्या आठवड्यांत जोरात चालू असलेल्या टीव्हीच्या पदरात ती घातली जाईल. त्यामुळे दिवाळीचा वेगळा रकाना हवा, आणि तो पंचांग समोर ठेवून भरायला हवा.

एवढं सगळं नीट केल्यावर मॉडेल त्या १६,००० पेट्यांची फोड करून देतं. समजा ती अशी निघाली: एरवीचा खप १०,०००, दिवाळीचा ४,०००, स्कीमचा ६००, टीव्हीचा १,०००, डिजिटलचा २५०, वर्तमानपत्राचा १५०. म्हणजे वाढलेल्या ६,००० मधल्या जाहिरातींच्या फक्त १,४००. बैठकीत इथे खळबळ उडते, पण हा भाग बहुधा बरोबरच असतो. दिवाळीत लोक फराळ करतातच.

मला खरी काळजी पुढच्या फोडीची वाटते. तक्त्यातले मोजके आठ आठवडे वगळून तेच मॉडेल पुन्हा चालवून पाहावं. टीव्हीचे १,००० चे ३०० झाले, डिजिटलचे २५० चे ९०० आणि वर्तमानपत्राचे १५० चे २००, तर काय समजायचं? बेरीज अजून १,४०० च आहे. तीन माध्यमांनी मिळून काय केलं ते मॉडेलला ठाऊक आहे, पण कुणी किती केलं ते त्याला सांगता येत नाही. तिन्ही दरवर्षी एकदमच चालू आणि एकदमच बंद होत असतील, तर सांगता यावं तरी कसं? ओळी १५६ दिसतात, पण त्यांत दिवाळ्या तीनच आहेत. वाईट एवढंच की सॉफ्टवेअर तरीही नीटनेटका रंगीत तक्ता काढून देतं, आणि तो पाहून कुणीतरी टीव्हीचं निम्मं बजेट कापून टाकतं.

यावर इलाज गणितात सापडत नाही. माध्यमं मुद्दाम वेगवेगळ्या वेळी किंवा वेगवेगळ्या ठिकाणी चालवावी लागतात. त्यात वर्तमानपत्र सर्वांत सोयीचं, कारण आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्याच्या आवृत्त्या असतात. सण नसलेला काळ निवडायचा. कोल्हापूर-सांगलीच्या आवृत्त्यांत चार आठवडे जाहिरात द्यायची, नाशिक-अहिल्यानगरात द्यायची नाही, आणि बाकी किंमत, स्कीम, टीव्ही दोन्हीकडे सारखं ठेवायचं. दोन्हीकडचा खप आधीचे दोन-तीन महिने हातात हात घालून वरखाली होत होता ना, हे अगोदर पाहून घ्यायचं. नाहीतर तुलनेला अर्थ नाही.

समजा कोल्हापूर-सांगलीत खप ५ टक्के वाढला आणि नाशिक-अहिल्यानगरात २ टक्के. मग जाहिरातीचे ३ टक्के. तिथला आठवड्याचा खप २,००० पेट्या असेल तर ६० पेट्या, चार आठवड्यांच्या २४०, आणि जाहिरात थांबल्यावरच्या दोन आठवड्यांत रेंगाळलेल्या आणखी ४०. एका पेटीमागे ६०० रुपये सुटत असतील तर २८० पेट्यांचे १,६८,००० रुपये. जाहिरातीला २ लाख लागले असतील, तर रुपयामागे ८४ पैसे परत आले.

हा आकडा मग मॉडेलमध्ये घालतात. बेझियन पद्धतीत तशी सोयच असते: ‘वर्तमानपत्राचा परतावा ८४ पैशांच्या आसपास, फार तर ५० पैसे ते १ रुपया २० पैसे’ असं त्याला आधी सांगून ठेवता येतं. गूगलने सर्वांसाठी खुलं केलेलं मेरिडियन हे सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालतं. एकदा वर्तमानपत्राचा वाटा असा बांधला की उरलेली ओढाताण टीव्ही आणि डिजिटल या दोघांतच राहते.

सबंध महाराष्ट्रात दिसणारी वाहिनी एका जिल्ह्यापुरती बंद करता येत नाही. डिजिटल मात्र शहराशहराने बंद ठेवता येतं. म्हणून २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला असताना मी आराखडा असा करीन: टीव्ही ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून सगळीकडे, डिजिटल त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि तेही चार शहरं वगळून. त्या चार शहरांत थोडा खप हातचा जाईल हे मालकांना आधीच सांगून ठेवायचं, आणि ती शहरं विक्री विभागाने नव्हे तर चिठ्ठ्या टाकून निवडायची.