नाव घातलेली शुभेच्छा आणि घरची शुभेच्छा

आई-बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला बरेच जण असं लिहितात:

"प्रिय आई-बाबा, सहजीवनाची 35 वर्षं पूर्ण केल्याबद्दल हार्दिक शुभेच्छा! बाबांचे कष्ट आणि आईची माया यांमुळे आपलं घर उभं आहे. तुमची जोडी अशीच हसतखेळत राहो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना."

वर्षं बरोबर आहेत, कष्ट आणि माया दोन्ही आलं, म्हणून हे अगदी आपलं वाटतं. पण 35 चे 28 केले तर हाच मजकूर शेजारच्या काका-काकूंनाही चालेल. तपशील आहेत, पण ते कुणाच्याही घरातले आहेत. आता दुसरा मजकूर वाचा:

"आई, बाबा, कऱ्हाडच्या स्टँडवर बाबा भजी आणायला उतरले आणि एसटी सुटली. तेव्हा आई, तू अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडलीस, 'कंडक्टर, थांबा, आमचे हे खाली राहिलेत!' बाबा धावत आले, पण हातातला पुडा सोडला नाही. आजही पानं वाढली तरी बाबा बातम्यांसमोरून उठत नाहीत, की तू तेच ओरडतेस. आई, तू अशीच गाडी थांबवत राहा. बाबा, तुम्ही भजी आणत राहा. लग्नाच्या वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा!"

इथे प्रेम हा शब्दच आलेला नाही, तरी आईने गाडी थांबवली आणि बाबांनी पुडा सोडला नाही, एवढ्यात ते कळतं. आठवण एकच आहे आणि तिच्यात दोघांनाही काम आहे. हे फार महत्त्वाचं, कारण किस्सा नुसता बाबांच्या वेंधळेपणाचा असता तर आई त्यात प्रेक्षक उरली असती. जुना प्रसंग आजच्या जेवणाच्या पानाशी जोडला गेल्यामुळे तो अजून चालू असलेला विनोद झाला. शिवाय आईला 'तू' आणि बाबांना 'तुम्ही', जसं घरात बोलतो तसंच.

हा विनोद कधी टोमणा होतो, हे मात्र आधी पाहून घ्यावं. कऱ्हाडचा किस्सा बाबा स्वतःच पाहुण्यांना रंगवून सांगत असतील, तर बिनधास्त लिहा. पण आई तो फक्त भांडणात काढत असेल आणि बाबा त्यावर गप्प होत असतील, तर तो सोडून द्या, कितीही मजेशीर असला तरी. पैसे, माहेर-सासर आणि तब्येत यांवरचे घरगुती विनोद मी तरी या दिवशी लिहीत नाही.

मजकूर कुठे जाणार, यावर लांबी ठरते. कुटुंबाच्या ग्रुपवर मामा, आत्या, नव्या सुनाही असतात, तिथे कऱ्हाडचा प्रसंग वरच्यासारखा दोन-तीन वाक्यांत सांगावा लागतो, नाहीतर त्यांना काहीच कळत नाही. फक्त दोघांसाठी केकवर किंवा कार्डावर लिहायचं असेल, तर 'आमचे हे अजून खाली राहिले नाहीत. 35 वर्षं!' एवढंच पुरे.