अनुवादकाच्या खुलाशाची पार्श्वभूमी: जेरोमच्या पत्रापासून आजच्या मेलपर्यंत

‘तुमच्या वाक्यातली म्हण शब्दशः का घेतली नाही’ हे क्लायंटला समजावणारा मेल आज जवळपास प्रत्येक व्यावसायिक अनुवादकाला कधी ना कधी लिहावा लागतो. मेल नवा असला, तरी असा खुलासा पत्रातून करण्याची रीत सोळाशे वर्षांहून जुनी आहे.

त्यातलं एक पत्र साधारण इ.स. ३९५ चं. सायप्रसचे बिशप एपिफॅनियस यांनी जेरुसलेमचे बिशप जॉन यांना ग्रीकमध्ये लिहिलेलं पत्र बायबलचे लॅटिन अनुवादक जेरोम यांनी बेथलेहेममध्ये एका परिचितासाठी लॅटिनमध्ये आणलं होतं. ती खासगी प्रत विरोधकांच्या हाती पडली आणि ‘शब्दाला शब्द नाही, म्हणजे ही लबाडी आहे’ असा आरोप झाला. एक आक्षेप तर केवळ संबोधनाबद्दल होता: ‘आदरणीय’च्या जागी ‘प्रिय’ का लिहिलं? जेरोम यांनी पॅमाकियस या मित्राला पत्रातून उत्तर दिलं, की आपण शब्दातून शब्द काढत नाही, अर्थातून अर्थ काढतो. मात्र त्याच पत्रात त्यांनी धर्मग्रंथाचा अपवाद केला, कारण तिथे शब्दांचा क्रमही गूढार्थाचा असतो, असं ते मानत. मला ही कबुली फार मोलाची वाटते. मजकूर कोणत्या प्रकारचा आहे यावर अनुवादकाची मोकळीक ठरते, हे तिच्यात आलं आहे. करारनाम्याला आणि जाहिरातीला एकच माप लावता येत नाही.

वाक्प्रचाराचा खरा खुलासा मात्र जर्मन धर्मसुधारक आणि बायबलचे अनुवादक मार्टिन ल्यूथर यांच्या १५३० मधल्या खुल्या पत्रात मिळतो. कोबुर्गच्या किल्ल्यातून लिहिलेलं हे पत्र मुख्यतः एका शब्दाबद्दल आहे. बायबलमधल्या ‘रोमकरांस पत्र’ या भागात ‘केवळ’ हा मुळात नसलेला शब्द त्यांनी जर्मनमध्ये घातला होता. पण ओघात ते बायबलमधल्याच मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातलं एक वाक्य घेतात. लॅटिनमध्ये ते ‘हृदयाच्या विपुलतेतून तोंड बोलतं’ असं आहे. ल्यूथर ते आधी जसंच्या तसं जर्मनमध्ये मांडतात आणि विचारतात, असं कोणता जर्मन माणूस बोलतो? ‘हृदयाची विपुलता’ म्हणजे काय, फार मोठं हृदय? मग घरातली आई किंवा बाजारातला साधा माणूस जे म्हणेल ते देतात: ज्याने मन भरलंय, तेच तोंडावाटे ओसंडतं. ही जर्मन ओळ आजही म्हणीसारखी वापरली जाते.

मराठीत इथे ‘पोटातलं ओठावर आलं’ चटकन सुचतं, पण ते नेमकं बसत नाही. त्यात लपवलेली गोष्ट निसटल्याची छटा आहे, मूळ वाक्यात ती नाही. ‘मनात असतं तेच ओठांवर येतं’ अधिक जवळचं. मिळतीजुळती म्हण सापडली म्हणजे काम झालं असं नसतं, ते यामुळेच.

विसाव्या शतकात या वादात तपासणीची एक पद्धत आली: बॅक ट्रान्सलेशन. अनुवाद दुसऱ्या माणसाकडून परत मूळ भाषेत आणून ताडून पाहायचा. रिचर्ड ब्रिसलिन यांच्या १९७० च्या लेखानंतर संशोधनातल्या प्रश्नावल्यांसाठी ती विशेष रूढ झाली. आकडे, सूचना, औषधांची मात्रा यांत ती चुका नेमक्या पकडते. वाक्प्रचारात मात्र उलटा निकाल देते. शब्दशः, म्हणजे निकामी अनुवाद परत आणला की मूळ वाक्य जसंच्या तसं हाती येतं. चांगला अनुवाद परत आणला की शब्द हरवलेले दिसतात. लक्ष्यभाषा न येणारा क्लायंट ते पाहून घाबरतो, आणि मेल लिहावा लागतो तो इथे.

समजा, इंग्रजी बचत योजनेच्या पत्रकात ‘सेव्ह फॉर अ रेनी डे’ आहे, म्हणजे अडचणीच्या काळासाठी बचत करा. शब्दशः होईल ‘पावसाळी दिवसासाठी बचत करा’. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पावसाचा दिवस हवाहवासा असतो. संकट येतं ते पाऊस न आल्यावर. मुंबईचा वाचक फार तर छत गळण्याचा विचार करेल. अनुवादकाच्या मेलमध्ये मग चार गोष्टी लागतात: मूळ वाक्य, त्याचं शब्दशः मराठी, वाचकाला त्यातून काय कळेल ते, आणि सुचवलेली ओळ. उदाहरणार्थ, ‘अडल्या वेळेसाठी चार पैसे गाठीशी ठेवा’, सोबत तिचा अर्थ इंग्रजीत. ल्यूथर यांच्या युक्तिवादाचा क्रमही जवळपास हाच.

पाचवी गोष्ट छापील पत्रकामुळे येते. मूळ पानावर छत्रीचं चित्र असेल, तर नव्या ओळीशेजारी त्या छत्रीला काही अर्थ उरत नाही. चित्र बदलता येणार की नाही, हे ओळ पक्की करण्याआधी क्लायंटला विचारावं लागतं. बदलता येत नसेल, तर पाऊस ठेवूनच ओळ शोधायची: ‘पाऊस यायच्या आत छप्पर शाकारून घ्या’. इथे पाऊस संकट ठरत नाही, तयारी न करणं संकट ठरतं, आणि छत्रीही जागेवर राहते.