एसओपी तपासणी: मोघम आणि उलटसुलट पायऱ्या शोधणं

एसओपी म्हणजे एखादं काम नेहमी एकाच पद्धतीनं व्हावं म्हणून पायरी-पायरीनं लिहून ठेवलेला कागद. असा कागद लागू करण्याआधी, किंवा लागू होऊन वर्षं झाली तरी, त्यातल्या कोणत्या ओळीचे दोन अर्थ निघतात आणि कोणती कृती चुकीच्या जागी बसलीय हे शोधायचं काम म्हणजे ही तपासणी. शुद्धलेखन तपासण्याशी याचा काही संबंध नाही, उलट ज्या कागदात एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नाही तोच कधी कधी सगळ्यात जास्त घोळ घालतो कारण तो वाचायला गुळगुळीत लागतो. कारखान्यात, दवाखान्यात, जिनिंगमध्ये सगळीकडेच हे कागद असतात, पण इथं विदर्भातल्या खेड्यातलं रोजचं उदाहरण घेऊ, ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकायचा कागद.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पंपघराच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेला कागद मी पाहिला होता, तो साधारण असा होता:

१. टाकी भरून घ्यावी.
२. आवश्यक तेवढी टीसीएल पावडर एका बादलीत घेऊन पाणी टाकून टाकीत सोडावी.
३. गाळ खाली बसू द्यावा.
४. थोडा वेळ थांबून पाणी सोडावे.
५. हातमोजे व मास्क वापरावा.
६. ओटी टेस्ट करावी. पिवळा रंग न आल्यास पुन्हा डोस द्यावा.
७. रजिस्टरमध्ये नोंद करावी. पावडर टाकण्याआधी टाकीत पाणी किती आहे ते पाहावे.

पहिल्यांदा वाचलं तर ठीकच वाटतं. जलसुरक्षक काकांना विचारलं तर ते म्हणाले, "काही चूक नाही जी त्यात, मी तं रोज असंच करून राहिलो." आणि खरी अडचण तीच आहे, काका असं करतच नाहीत. ते आधी मोजे घालतात, बादलीतला चुना खाली बसू देतात, वरचं निवळ पाणीच टाकीत ओततात, ओटी करतात, म्हणजे नमुन्याच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन आहे का ते बघतात, आणि मग गावाला पाणी सोडतात. डोक्यातला क्रम बरोबर असल्यामुळे कागदावरचा उलटा क्रम त्यांना दिसतच नाही, वाचता वाचता डोळे आपोआप दुरुस्त करून घेतात. म्हणून ज्याला काम सगळ्यात चांगलं येतं त्याच्याकडून फक्त "वाचून सांगा" अशी तपासणी करून घेण्यात अर्थ नसतो. त्याला शेवटी विचारायचं, की हे बदललेलं खरं आहे का.

क्रम तपासायची एक साधी रीत आहे. प्रत्येक ओळीवर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ही ओळ करायची तर याआधी काय झालेलं असायला पाहिजे, आणि ते वर कुठं लिहिलंय का? बाजूला कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडायचे, हातात काय आहे, टाकीत काय आहे, खालचा वॉल्व्ह उघडा की बंद. मग ओळीगणिक रकाने भरत जायचं, आणि कागदावर आहे तेवढंच भरायचं, स्वतःच्या मनाचं काही नाही. आता ओळ २ ला येऊ. हातात पावडर, हात उघडे, कारण मोजे ५ व्या ओळीत आहेत. टाकीत गढूळ द्रावण गेलं. ओळ ३, गाळ खाली बसू द्या. कशातला गाळ? बादली तर रिकामी झाली, म्हणजे तो आता टाकीच्या तळाशी बसणार. ब्लिचिंग पावडरीत चुना असतो, तो बादलीतच बसवून फेकायचा असतो, टाकीत गेला की साचत राहतो. ओळ ४ ला पाणी गावात गेलं आणि ओळ ६ ला आपण तपासतोय की त्यात क्लोरीन आहे का. पिवळा रंग आला नाही तर पुन्हा डोस कुणाला देणार, लोकांच्या माठाला? आणि वॉल्व्हचा रकाना तर सुरुवातीपासून कोराच, वॉल्व्ह बंद करा असं कुठंच नाही, रात्रीपासून तो बंद असेल हे कागदानं गृहीत धरलंय. अशी न लिहिलेली पायरी नुसतं वाचून सापडत नाही, रकाना कोरा राहिला की सापडते.

सातव्या ओळीतलं दुसरं वाक्य हा क्रमाच्या चुकीचा सगळ्यात नेहमीचा नमुना. कुणाला तरी मागाहून आठवलं आणि जिथं जागा होती तिथं घुसवलं. त्यामुळे मराठी एसओपीत 'आधी', 'पूर्वी', 'तत्पूर्वी' हे शब्द आधी शोधून काढायचे. जिथं ते सापडतील तिथली कृती बहुतेक वेळा वरच्या कुठल्या तरी ओळीची असते, खाली राहिलेली. इशारे आणि अटींचंही तसंच, 'जर' नंतर आलं तर माणूस तोवर काम करून मोकळा झालेला असतो.

आता मोघमपणा. मराठीत काही सवयी अशा आहेत की त्या दोन अर्थ लपवतात. एक म्हणजे -ऊन ची साखळी: घेऊन, टाकून, ढवळून, थांबून, सोडावी. व्याकरणाच्या दृष्टीनं क्रम बरोबर लागतो पण एका ओळीत चार-पाच कृत्या बसतात आणि मधली एक गळली तरी वाक्य अडत नाही. वरच्या ओळ २ मध्ये ढवळणं आणि निवळू देणं दोन्ही गळालंय, कुणाच्या लक्षात आलं? दुसरं म्हणजे 'सोडणे'. ओळ २ मधलं सोडणं म्हणजे ओतणं, ओळ ४ मधलं सोडणं म्हणजे गावाला नळ चालू करणं. आमच्याकडे "नळ सोडले का?" हा रोजचा प्रश्न आहे त्यामुळे गावातल्या माणसाला कळतं, पण एका कागदात एका शब्दाचं एकच काम ठेवावं, नवीन पोरगा गोंधळतो. तिसरं, '-ल्यावर' आणि '-ताना'. 'टाकी भरताना द्रावण ओता' आणि 'टाकी भरल्यावर द्रावण ओता' यात फरक आहे, भरताना ओतलं तर येणाऱ्या पाण्याच्या धारेनं ते चांगलं मिसळतं. आणि 'व' क्रम सांगत नाही, 'मास्क लावावा व पावडर काढावी' याचा क्रम वाचणारा आपल्या मनानं लावतो.

मग 'आवश्यक तेवढी', 'थोडा वेळ', 'पुरेसे', 'व्यवस्थित', 'गरजेनुसार' हे शब्द. यातल्या प्रत्येकापुढं किती, कशानं मोजायचं आणि झालं हे कशावरून कळणार, एवढे तीन प्रश्न टाकायचे. पन्नास हजार लिटरची टाकी धरू. खेड्यात साधारण १००० लिटरला ५ ग्रॅम पावडर हे माप चालतं, म्हणजे भरलेल्या टाकीला २५० ग्रॅम. आता 'एका बादलीत' बघा. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर कालवू नये असं सांगतात, नाहीतर ती नीट विरघळत नाही. म्हणजे २५० ग्रॅमला तीन बादल्या झाल्या, १००, १०० आणि ५०. कागद एक बादली म्हणतोय. हे बाहेरून कुणाला कळणार नाही, पण 'आवश्यक तेवढी' च्या जागी आकडा लिहायला बसलं की पुढची ओळ आपोआप उघडी पडते.

'थोडा वेळ' चे इथं दोन अर्थ आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे. टाकीत द्रावण गेल्यावर क्लोरीनला काम करायला किमान अर्धा तास द्यायचा, तो एक. दुसरा ओटी टेस्टचा. थेंब टाकल्यावर साधारण १० सेकंदांत दिसणारा पिवळेपणा मोकळ्या क्लोरीनचा असतो, १५-२० मिनिटांनी दिसणारा मोकळं आणि संयुक्त दोन्ही मिळून. पाण्यात घाण असली की क्लोरीन तिच्याशी बांधलं जातं, आणि कागदावर नुसतं 'पिवळा रंग आल्यास' असेल तर चहा पिऊन येऊन बघणारा म्हणेल आलाय पिवळा, चला. तेच लगेच बघणारा म्हणेल नाही आला. दोघंही कागदाप्रमाणेच वागले. आयएस १०५०० मानकात मोकळं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम राहिलेलं हवं असं आहे, म्हणून कागदात 'थेंब टाकल्यावर लगेच, १० सेकंदांच्या आत' असं लिहावंच लागतं. नमुना कुठून घ्यायचा, टाकीच्या तोटीवरून की गावाच्या टोकाच्या नळावरून, हेही. दोन्ही ठिकाणी घ्यायचा असेल तर त्या दोन वेगळ्या पायऱ्या, एक पाणी सोडायच्या आधीची आणि एक नंतरची.

'पुन्हा डोस द्यावा' ही ओळ वेगळीच बघायला पाहिजे, कारण तिथं माणूस मागं जातो. किती डोस, पूर्ण २५० ग्रॅम की निम्मा? आणि डोस दिल्यावर परत कोणत्या ओळीवर जायचं? 'ओळ अमुक पासून पुन्हा' असं लिहिलं नाही तर माणूस डोस देऊन सरळ पुढं निघतो, अर्धा तास थांबत नाही, दुसरी ओटी करत नाही.

एवढं कागदावर झालं की मग टाकीपाशी जायचं. ज्यानं हे काम कधी केलं नाही असा एक जण कागद हातात घेऊन मोठ्यानं वाचतो आणि पावडर न उघडता नुसत्या हालचाली करतो. काका मागं गप्प बसतात, ही अट महत्त्वाची, कारण त्यांनी "अरे तसं नाही बाप्पा" म्हटलं की समजायचं कागदात काहीतरी राहिलं, तिथं खूण करायची. त्या गावात ते पहिल्या दोन मिनिटांत तीनदा बोलले. पोरगा एकदा नुसता थांबून विचारत होता, "काहून जी, बादली कोणती, ही का ती?" आणि खरंच तिथं दोन मापाच्या बादल्या होत्या.

दुरुस्त कागदाचा वरचा भाग मग असा झाला: वॉल्व्ह बंद आहे का बघा. टाकीतलं पाणी मोजपट्टीवर बघा, तेवढ्या पाण्याला पावडर किती ते तक्त्यात बघा. मोजे, मास्क लावा. प्लास्टिकच्या निळ्या बादलीत १०० ग्रॅमपर्यंत पावडर, थोडं पाणी घालून लगदा करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं हलवू नका. वरचं निवळ पाणी टाकीत ओता, तळचा चुना टाकीत जाऊ देऊ नका.

सगळ्याच पायऱ्या क्रमानं जखडायच्या नसतात हेही सांगायला पाहिजे. मोजे आधी की मास्क आधी यानं काही बिघडत नाही, तिथं दोन्ही एका ओळीत ठेवले तरी चालतात. गावात टाकी एकच असेल तर 'कोणती टाकी' हा प्रश्न उकरून काढू नये, असे दहा खुलासे घातले की कागद चार पानांचा होतो आणि मग तो भिंतीवर नाही तर कपाटात जातो.

आणि या तपासणीला एक हद्द आहे. कागद बरोबर वाचला जातोय का एवढंच ती सांगते, कागदातला आकडा बरोबर आहे का ते नाही. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, पोतं उघडं राहिलं, ओल लागली की उतरत जातं. ३३ टक्क्यांच्या २५० ग्रॅममधून त्या टाकीत लिटरला सुमारे १.६५ मिलिग्रॅम पडेल, २० टक्क्यांवर आलेल्या पोत्यातून फक्त १. तपासणारा फक्त एवढं विचारू शकतो की 'पावडर किती टक्क्यांची' ही जागा कागदात आहे का. त्या गावातल्या नव्या कागदात तक्त्याच्या वर एक कोरा चौकोन सोडलाय, नवीन पोत्याचा रिपोर्ट आला की काका तिथं पेननं आकडा लिहितात, म्हणून यावेळी लॅमिनेशन केलं नाही.