हाफ ॲडर आणि फुल ॲडर

हाफ ॲडर म्हणजे दोन एक-बिट अंकांची बेरीज करणारे सर्किट. त्याच बेरजेत मागच्या स्थानाचा हातचाही मिळवून घेणाऱ्या सर्किटला फुल ॲडर म्हणतात. दोन्ही मोजक्या लॉजिक गेट्सपासून तयार होतात आणि दोन्ही कॉम्बिनेशनल सर्किट आहेत, म्हणजे आउटपुट केवळ त्या वेळच्या इनपुटवरून ठरते. आधी काय आले होते ते सर्किट लक्षात ठेवत नाही.

गेटच्या दृष्टीने 0 आणि 1 ही व्होल्टेजची दोन पातळ्यांतली विभागणी आहे. टीटीएल आयसीच्या इनपुटवर 0.8 व्होल्ट किंवा त्याहून कमी असेल तर 0, आणि 2 व्होल्ट किंवा जास्त असेल तर 1 समजला जातो. इथे तीन प्रकारची गेट लागतात. अँड गेट दोन्ही इनपुट 1 असतील तरच 1 देते, ऑर गेट निदान एक 1 असेल तरी 1 देते, आणि एक्स-ऑर गेट दोन्ही इनपुट वेगवेगळी असतील तेव्हाच 1 देते.

आता दोन बिटांच्या चारही बेरजा लिहून पाहाव्यात. 0+0 = 00, 0+1 = 01, 1+0 = 01 आणि 1+1 = 10. उत्तरातला उजवा अंक फक्त इनपुट वेगळी असताना 1 आहे, म्हणजे तो एक्स-ऑरचाच ट्रुथ टेबल. डावा अंक, म्हणजे हातचा, दोन्ही 1 असतानाच येतो, म्हणजे तो अँड. A आणि B ही इनपुट, S बेरीज आणि C हातचा धरला तर हाफ ॲडर एवढाच:

```
S = A ⊕ B
C = A · B
```

त्याची मर्यादा अनेक बिटांच्या बेरजेत दुसऱ्याच स्थानी कळते. तिथे A आणि B शिवाय उजवीकडून आलेला हातचाही मिळवायचा असतो आणि हाफ ॲडरला तिसरे इनपुटच नाही. यावर उपाय म्हणजे बेरीज दोन टप्प्यांत करायची. पहिला हाफ ॲडर A आणि B मिळवतो. दुसरा त्या उत्तरात Cin, म्हणजे उजवीकडून आलेला हातचा, मिळवतो. दोघांचे हातचे ऑर गेटमध्ये जातात आणि तिथून Cout, म्हणजे पुढच्या स्थानाला जाणारा हातचा, मिळतो.

```
S    = A ⊕ B ⊕ Cin
Cout = A·B + Cin·(A ⊕ B)
```

A, B आणि Cin तिन्ही 1 असतील तर काय होते ते पाहू. पहिला हाफ ॲडर बेरीज 0 आणि हातचा 1 देतो. दुसऱ्याकडे 0 आणि Cin चा 1 जातो, म्हणून त्याची बेरीज 1 आणि हातचा 0. ऑर गेटमध्ये 1 आणि 0 येऊन Cout 1 होतो. उत्तर 11, म्हणजे दशमानात 3.

दोन हातच्यांसाठी नुसते ऑर गेट कसे पुरते, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःला जरूर विचारावा. दोन्ही हातचे 1 आले असते तर त्यांचीही बेरीज करावी लागली असती. पण पहिला हातचा 1 असेल तर A आणि B दोन्ही 1 असतात, मग A ⊕ B शून्य होतो आणि दुसरा हातचा येऊच शकत नाही. याचा प्रॅक्टिकलमध्ये थेट उपयोग होतो. ऑर आणि एक्स-ऑर फक्त 1, 1 या इनपुटला वेगळे वागतात आणि ते इनपुट इथे कधीच येत नाही. 7486 मध्ये चार एक्स-ऑर गेट असतात, त्यातली दोनच वापरली जातात. तिसरे ऑरच्या जागी लावले तर ऑर गेटचा 7432 आयसी लागत नाही. एक 7486 आणि अँड गेटचा एक 7408 यांत पूर्ण फुल ॲडर बसतो.

ब्रेडबोर्डवर नेहमी होणारी चूक म्हणजे Cin ची वायर मोकळी सोडणे. टीटीएलमध्ये मोकळे इनपुट साधारणपणे 1 म्हणून वाचले जाते. त्यामुळे A आणि B दोन्ही 0 असताना S चा एलईडी पेटतो, आणि 0+1 चे उत्तर 10 येते. प्रत्येक उत्तर बरोबर एकाने जास्त येत असेल तर आधी Cin ग्राउंडला जोडला आहे का ते पाहावे. 74HC मालिकेतल्या सीमॉस आयसीवर मोकळ्या इनपुटचा काहीच भरवसा नसतो. वायरजवळ नुसता हात नेला तरी आउटपुट बदलू शकते. तपासणी ट्रुथ टेबलच्या आठही ओळींची करावी. Cin 0 ठेवून चारच ओळी तपासल्या तर दुसऱ्या हाफ ॲडरच्या अँड गेटच्या आउटपुटवर एकदाही 1 येत नाही, आणि तिथला दोष लपून राहतो.

चार फुल ॲडर ओळीने जोडून प्रत्येकाचा Cout डावीकडच्या Cin ला दिला की चार बिटांचा रिपल कॅरी ॲडर होतो. यात हातचा एकेक टप्पा ओलांडत जातो आणि प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो. सगळे हातचे आधी 0 आहेत आणि 1111 मध्ये 0001 मिळवायचा आहे असे धरले, तर आउटपुटवर आधी 1110, मग 1100, मग 1000 अशी चुकीची उत्तरे क्षणभर दिसून शेवटी 0000 आणि हातचा 1 येतो. बिटांची संख्या वाढेल तसा हा विलंब वाढतो. म्हणूनच 74LS283 या चार बिटांच्या ॲडर आयसीमध्ये हातचा पुढे सरकण्याची वाट न पाहता तो इनपुटवरून थेट काढणारी कॅरी लुक-अहेड रचना वापरलेली असते.