एमडींचा पासवर्ड बदलता येतो, ॲडमिनचा नाही

दिवाळीची सुट्टी संपून ऑफिस उघडलं की पहिल्या दोन तासांत हेल्पडेस्कचा फोन खाली ठेवायला सवड मिळत नाही. निम्मी माणसं सुट्टीत पासवर्ड विसरून आलेली असतात. हेल्पडेस्कवरची मुलगी नाव आणि एम्प्लॉयी नंबर विचारते, शहानिशा करते, तात्पुरता पासवर्ड देते आणि ‘पुढच्या लॉगिनला बदला’ या खुणेवर टिक करते. अकाउंट्सच्या कारकुनापासून कंपनीच्या एमडींपर्यंत सगळ्यांसाठी हे तिला करता येतं. पण सर्व्हर सांभाळणाऱ्या, हुद्द्याने एमडींच्या कितीतरी खाली असलेल्या ॲडमिनच्या खात्यावर तिने तेच बटण दाबलं, तर पडद्यावर येतं: `Access is denied.`

पासवर्ड ‘बदलणं’ आणि ‘रीसेट करणं’ या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. बदलायला जुना पासवर्ड माहीत असावा लागतो, रीसेटला तो लागतच नाही. म्हणजे ज्याला रीसेट करता येतं त्याला ते खातं हवं तेव्हा ताब्यात घेता येतं. हेल्पडेस्कला ॲडमिनचं खातं रीसेट करता आलं असतं, तर तिथल्या कुणालाही ॲडमिनच्या नावाने शिरून स्वतःला ॲडमिन करून घ्यायला पाच मिनिटं पुरली असती. किंवा बाहेरच्या भामट्याने ‘मी सिस्टिमवाला बोलतोय’ म्हणून गोड आवाजात एक फोन केला असता, तरी काम झालं असतं.

ही अडवणूक नेमकी कुठे होते? बहुतेक कंपन्यांत खाती आणि परवानग्या सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी असते, ती पाहू. पहिल्यांदा वाटतं की हेल्पडेस्कच्या परवानगीतच कुठेतरी ‘ॲडमिन सोडून’ असं लिहिलेलं असेल. तसं काही नसतं. हेल्पडेस्कला एका ओयूवर, म्हणजे खाती ठेवलेल्या कप्प्यावर, रीसेटचा अधिकार दिलेला असतो आणि तो कप्प्यातल्या प्रत्येक खात्यावर वारशाने उतरतो. कुलूप असतं ॲडमिनच्या खात्यावर. डिरेक्टरीत `AdminSDHolder` नावाचा एक नमुना ठेवलेला असतो आणि एक ठरलेला डोमेन कंट्रोलर, म्हणजे डिरेक्टरी चालवणारा सर्व्हर, दर 60 मिनिटांनी फेरी मारतो. Domain Admins, Backup Operators अशा संरक्षित गटांत जे कोणी असतील, थेट किंवा गटातल्या गटातून, त्यांच्या खात्यावर तो नमुन्यातली परवानग्यांची यादी छापतो, वरून येणारा वारसा तोडतो आणि `adminCount` या रकान्यात 1 लिहितो. वारसा तुटला की हेल्पडेस्कचा अधिकार त्या खात्यापर्यंत पोचतच नाही.

मला ही युक्ती आवडते, पण तिची खोड मोठी विचित्र आहे. फेरीवाला कुलूप लावतो, काढत मात्र नाही. समजा, सुनील दोन वर्षं बॅकअप सांभाळत होता आणि मग खरेदी विभागात गेला. त्याला Backup Operators मधून काढलं. तो आता साधा कर्मचारी आहे. तरी `adminCount` 1 च राहतो आणि वारसाही तुटलेलाच. सहा महिन्यांनी तो पासवर्ड विसरतो, हेल्पडेस्कला नकार मिळतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा मात्र त्याच कप्प्यात असूनही चटकन रीसेट होतो. एकाचं होतं आणि एकाचंच अडतं, तेव्हा हा रकाना पाहावा:

```
Get-ADUser -Filter 'adminCount -eq 1'
```

यादीत सुनील सापडला, तर त्याच्या खात्याच्या सिक्युरिटी पानावर वारसा पुन्हा चालू करायचा आणि रकाना रिकामा करायचा. तासाभराने पुन्हा 1 उमटला तर समजावं की तो अजून कुठल्यातरी आतल्या गटात अडकलेला आहे. (घाईघाईत हेल्पडेस्कलाच जास्त अधिकार देऊन मोकळं होणारेही पाहिलेत. ते सर्वांत वाईट.)

उलट्या बाजूची चूक मात्र दिसत नाही, कारण तिथे कुणाची तक्रारच येत नाही. नवा ॲडमिन नेमला की फेरी येईपर्यंत, जास्तीत जास्त तासभर, त्याचं खातं हेल्पडेस्कला उघडं असतं. ते एकवेळ चालेल. पण फेरीवाला ओळखतो ते फक्त ठरलेल्या गटांना. कंपनीने स्वतः ‘सर्व्हर टीम’ नावाचा गट केला आणि त्याला सगळ्या डेटाबेस सर्व्हरांवर पूर्ण अधिकार दिले, तर ती माणसं व्यवहारात ॲडमिनच असतात. डिरेक्टरीच्या लेखी ती कारकुनासारखीच साधी खाती आहेत. रात्री बॅकअप चालवणाऱ्या सर्व्हिस खात्याचंही बऱ्याचदा तसंच असतं. ही खाती वेगळ्या ओयूत हलवावी लागतात, जिथे हेल्पडेस्कला काहीच अधिकार दिलेला नाही. मग हेल्पडेस्कच्या लॉगिनने बसून त्यांतल्या प्रत्येकावर रीसेट करून पाहायचं आणि प्रत्येक वेळी नकार येतो का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.